भाड्याच्या फ्लॅटला पार्किंगची एकच जागा : सायकल आणि दुसरी गाडी कुठे लावायची?

नवी_पुणेकर | ६ जुलै, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे साताऱ्याचे. आठ महिन्यांपासून पुण्यात कर्वेनगरला भाड्याने राहतोय. सोसायटी जुनी आहे, तीन मजले, अठरा फ्लॅट, खाली स्टिल्टमध्ये पार्किंग, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आमच्या फ्लॅटला दुचाकीची एक जागा मिळालेली आहे, ७ नंबरची. तिथे नवऱ्याची मोटरसायकल असते.

गेल्या महिन्यात मी सायकल घेतली. ऑफिस डेक्कनला आहे, रोज तेवढंच जायचं असतं. सुरुवातीला सायकल जिन्याखाली, मीटरच्या बोर्डाशेजारी लावली. दोन दिवसांनी बोर्डावर सूचना लागली : "भाडेकरूंनी एकापेक्षा जास्त वाहन आवारात लावू नये." त्यानंतर दोनदा सकाळी खाली आले तर मागच्या चाकातली हवा गेलेली. व्हॉल्व्हचं टोपण बाजूला काढून ठेवलेलं होतं, म्हणजे पंक्चर नव्हतं. आता रोज रात्री सायकल खांद्यावर घेऊन तीन मजले चढते.

त्यात भर म्हणजे सासऱ्यांनी गाडी चालवणं सोडलंय, त्यांची स्कूटर ते आम्हाला देताहेत. पुढच्या महिन्यात ती साताऱ्याहून येईल. पावसात मला तिचा फार उपयोग होईल. सेक्रेटरींना तोंडी विचारलं तर म्हणाले, "सायकल पण वाहनच आहे, आणि दुसऱ्या गाडीचं तर नावच काढू नका. फारच असेल तर महिना तीनशे द्या, मग बघू." मालकलोकांकडून दुसऱ्या दुचाकीचे महिना पन्नास घेतात, हे शेजारच्या काकूंकडून कळलं.

मला भांडायचं नाहीये. इथे अजून दोन-तीन वर्षं राहायचंय. पण मागायचं काय, कोणाकडे आणि कसं, हे नीट समजून घ्यायचंय.

---

पेठेतला | ६ जुलै, रात्री १०.५२

अजिबात घाबरू नका. २०१० साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की स्टिल्ट पार्किंग ही सामाईक जागा आहे, ती कोणाच्या बापाची नाही. तुम्ही भाडं भरता, मेंटेनन्स तुमच्या भाड्यातूनच जातो, म्हणजे मालकाचे सगळे हक्क तुमच्याकडे आले. जागा मोकळी दिसेल तिथे गाडी लावा आणि हवा सोडली तर सरळ पोलिसात जा.

एक मात्र लक्षात ठेवा. साताऱ्याची गाडी म्हणजे एमएच-११. पुण्यात कायम वापरायची तर एमएच-१२चं पासिंग करून घ्यावं लागेल, नाहीतर सोसायटी त्याच मुद्द्यावर अडवेल.

---

मुलुंडकर | ६ जुलै, रात्री ११.२०

आमच्याकडेही हेच चाललंय. भाडेकरूला एक जागा दिली तर त्याने चार बाईक आणल्या, मित्रांच्या दोन धरून. एक तर रात्री दीड वाजता यायची आणि सायलेन्सर असा की माझी आई दचकून उठायची. शेवटी आम्ही स्टिकर काढले आणि बिनस्टिकरच्या गाडीला वॉचमन गेटवरच थांबवतो. तुम्हीही हेच करा. भाडेकरूच्या करारात एकच गाडी लिहून घ्या आणि नियम मोडला की मालकाला नोटीस पाठवा.

---

नवी_पुणेकर | ६ जुलै, रात्री ११.३१

@मुलुंडकर, अहो, ती भाडेकरू मीच आहे :) आमच्या घरी एक मोटरसायकल, एक सायकल आणि येणारी एक स्कूटर, एवढंच. पण स्टिकरची कल्पना चांगली आहे, आमच्याकडे स्टिकरच नाहीत.

---

मुलुंडकर | ६ जुलै, रात्री ११.४०

माफ करा, घाईत वाचलं. मी कमिटीत असल्यामुळे असे प्रश्न नेहमी दुसऱ्या बाजूनेच येतात. तुमचं प्रकरण वेगळं आहे. पण कमिटीच्या मनात जी भीती असते ती मी लिहिलेलीच आहे : एकाला हो म्हटलं की रांग लागते.

---

जुना_सेक्रेटरी | ७ जुलै, सकाळी ७.०५

मी चिंचवडला एका गृहनिर्माण संस्थेत अकरा वर्षं सेक्रेटरी होतो. पार्किंगची भांडणं जेवढी सोडवली त्याहून जास्त अंगावर घेतली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

@पेठेतला यांनी सांगितलेला निकाल खरा आहे, पण त्यातून जो अर्थ काढलाय तो निघत नाही. तो वाद बिल्डर आणि संस्था यांच्यातला होता. बिल्डरला स्टिल्टमधली जागा गॅरेज म्हणून वेगळी विकता येत नाही, ती सामाईक आहे, एवढं त्यातून ठरलं. सामाईक आहे म्हणजे कोणीही कुठेही गाडी लावावी असं नाही. सामाईक आहे म्हणूनच ती कोणी कशी वापरायची ते सर्वसाधारण सभा ठरवते.

दुसरी गोष्ट. संस्थेचा व्यवहार सभासदाशी असतो, आणि सभासद तुमचे घरमालक आहेत. तुमचा लिव्ह अँड लायसन्स करार मालकाशी आहे, संस्थेशी नाही. त्यामुळे तुम्ही स्वतःच्या नावाने अर्ज दिलात तर सेक्रेटरी तो बाजूला ठेवू शकतात आणि तुम्हाला पुढे कुठे दादही मागता येत नाही. तोच अर्ज मालकाच्या सहीने गेला की त्याला उत्तर देणं कमिटीला भाग असतं. म्हणून पहिलं पाऊल कमिटीकडे टाकायचं नाही, मालकाकडे टाकायचं.

आता नियम. तुमच्या संस्थेने २०१४चे आदर्श उपविधी स्वीकारले असतील तर पार्किंगचे नियम ७८ ते ८४ या क्रमांकांत आहेत. जुने उपविधी असतील तर क्रमांक थोडे मागेपुढे होतील. त्यातले दोन तुमच्या कामाचे. एक असं सांगतो की सर्वसाधारणपणे एका सभासदाला एकच जागा, पण मागणी नसल्यामुळे जागा शिल्लक राहिली तर दुसरीही देता येते, ती वर्षावर्षाच्या बोलीवर, आणि एकही जागा नसलेल्या सभासदाला लागली तर परत घेण्याच्या अटीवर. हा नियम मुख्यतः कारचा विचार करून लिहिलाय, पण बहुतेक कमिट्या दुचाकीलाही तेच धोरण लावतात. दुसरा, ८४ क्रमांकाचा, दुचाकींसाठीच आहे : स्कूटर, मोटरसायकल किंवा रिक्षा आवारात लावायची तर कमिटीची आधी परवानगी घ्यायची आणि सभेने ठरवलेलं शुल्क भरायचं.

त्यात सायकल हा शब्द नाही, हे बारकाईने बघा. सायकलला बंदी नाही आणि शुल्कही नाही, तसाच तिला हक्कही लिहून दिलेला नाही. त्यामुळे सायकल आणि स्कूटर एकाच अर्जात घालू नका. सायकलला जो सहज होकार मिळाला असता तोही स्कूटरच्या नकारात वाहून जाईल.

आणि राग मानू नका, पण मीटरच्या बोर्डाशेजारी सायकल लावली तिथे चूक तुमची होती. शॉर्टसर्किट झालं तर मेन स्विचपर्यंत माणूस पोचला पाहिजे, आणि आग लागली तर लोक त्याच जिन्याने खाली येणार. ती जागा कोणालाच देता येत नाही. अर्जात स्वतःहून लिहा की यापुढे तिथे लावणार नाही. तुमच्याविरुद्धचा त्यांचा खरा मुद्दा तिथेच संपतो.

---

दोनचाकी | ७ जुलै, सकाळी ८.३०

सायकलला वेगळी जागा मागूच नका, ७ नंबरमध्येच बसवा. फूटपट्टी नको, टेप घ्या आणि मोजा. रंगवलेल्या पट्ट्यांमधली रुंदी किती, लांबी किती, शेजारी खांब आहे की भिंत, आणि मोटरसायकलच्या हँडलची टोकापासून टोकापर्यंत रुंदी. आकडे इथे टाका.

---

नवी_पुणेकर | ७ जुलै, रात्री ९.१०

काका, खूप आभार. मीटरचं पटलं, आता तिथे नाही लावणार.

मोजून आले. नवऱ्याने टॉर्च धरला, वॉचमनदादांनी टेपचं दुसरं टोक धरलं. आमची जागा शेवटची आहे, डाव्या हाताला भिंत. पट्ट्यांमधलं अंतर एक मीटर, लांबी दोन मीटर. पट्टीपासून भिंतीपर्यंत आणखी ४० सेंटीमीटर मोकळे आहेत, तिथून कोणी जातयेत नाही, पाइपही नाही. मोटरसायकलचं हँडल ७६ सेंटीमीटर, सायकलचं ६०. दोन्ही मिळून १३६ आणि जागा १४०. कशी बसणार? आज लावून पाहिली, आरशाला सायकलचं हँडल अडकलं.

---

दोनचाकी | ७ जुलै, रात्री ९.४५

छान बसेल. दोन गोष्टी बदला.

पहिली म्हणजे मोटरसायकल साइड स्टँडवर लावत असाल तर ती डावीकडे झुकते, आणि तुमची भिंत डावीकडेच आहे. त्या झुकण्यात वीतभर जागा जाते. मेन स्टँडवर सरळ उभी करा आणि उजव्या पट्टीला जितकी सरकेल तितकी सरकवा, पट्टीच्या आत राहूनच. शेजाऱ्याच्या जागेत आरसाही जाता कामा नये.

दुसरी म्हणजे सायकल उलटी लावा. मोटरसायकलचं तोंड आत असेल तर सायकलचं बाहेर. हँडलजवळ हँडल आलं की दोन्ही अडकतात. सायकल फिरवली की मोटरसायकलच्या हँडलशेजारी सायकलचं मागचं चाक येतं, ते अगदी अरुंद असतं. आणि सायकलचं हँडल येतं मोटरसायकलच्या सीटच्या मागच्या भागाशेजारी, तिथे मोटरसायकलही निमुळती झालेली असते. भिंतीकडचं पेडल वर करून ठेवा, म्हणजे भिंतीला घासणार नाही.

भिंतीला हूक मारून सायकल टांगायचा विचार मनात आला तर आधी कमिटीला विचारा, आणि खांबाला किंवा तुळईला ड्रिल अजिबात नको. स्टिल्टच्या इमारतीचा सगळा भार त्या खांबांवर उभा असतो. विटांची भिंत असेल तरच, तेही लेखी परवानगीने.

---

करवंद | ७ जुलै, रात्री १०.२०

एक गोष्ट कोणीच विचारली नाही. तुमची नक्की सोसायटीच आहे ना? पुण्यात निम्म्या इमारतींना लोक सवयीने सोसायटी म्हणतात, पण त्या अपार्टमेंट असतात. आम्ही दोन वर्षं उपविधी ८४ दाखवून भांडत होतो. शेवटी कळलं की आमची इमारत १९७०च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेली आहे आणि तिथे हे उपविधी लागूच होत नाहीत. घोषणापत्रात, म्हणजे सगळे ज्याला डीड ऑफ डिक्लरेशन म्हणतात त्यात, पार्किंगबद्दल जे लिहिलंय आणि त्याला जोडलेले जे उपविधी आहेत तेच चालतात. आमच्याकडे तर काही जागा ठरावीक फ्लॅटलाच जोडून दिलेल्या निघाल्या.

मेंटेनन्सची पावती बघा. 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' असं नाव आणि नोंदणी क्रमांक असेल तर सोसायटी.

---

नवी_पुणेकर | ८ जुलै, सकाळी ७.५०

मालकांनी पाठवलेली जुनी पावती फोनमध्ये होती. 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' असंच लिहिलंय, नोंदणी क्रमांकही आहे. म्हणजे सोसायटी.

@दोनचाकी, काल रात्रीच उलटी लावून पाहिली. बसली! मोटरसायकल न हलवता सायकल बाहेर निघते. शेजारच्या ६ नंबरच्या पट्टीला काहीही लागत नाही. फोटो काढून ठेवलेत.

---

घरमालक_नाशिक | ८ जुलै, दुपारी १.१५

माझे पुण्यात दोन फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत, म्हणून मालकाची बाजू सांगतो. मालकाला पार्किंगच्या भानगडीत पडायचं नसतं, कारण कमिटी लगेच त्याच्या दुसऱ्या कागदांकडे वळते. करार नोंदवलाय का, संस्थेला भाडेकरूची माहिती वेळेत दिली का, पोलिसांकडे कळवलं का. यातलं एक जरी राहिलं असेल तर मालक तुमच्यासाठी सही करायला कचरेल. आधी ते सगळं झालंय ना, हे विचारून घ्या.

आणि करारात पार्किंगबद्दल काय लिहिलंय ते वाचा. 'एक दुचाकी पार्किंगसह' असं असेल तर तुम्ही मालकाकडेही दुसऱ्या जागेचा हट्ट धरू शकत नाही. विनंती करू शकता. मी असतो तर सायकलला लगेच हो म्हटलं असतं. स्कूटरला मात्र शुल्क तुम्ही भरणार आणि कमिटीने परत मागितली तर जागा सोडणार, हे लिहून घेऊनच.

---

नवी_पुणेकर | ८ जुलै, रात्री ९.००

करारात बरोब्बर तेच शब्द आहेत, 'एक दुचाकी पार्किंगसह'. करार नोंदवलेला आहे, पोलिसांकडची पावतीही आहे. मालक बंगळुरूला असतात, स्वभावाने चांगले आहेत. तुम्ही म्हणता तसं लिहून द्यायची माझी तयारी आहे.

पण एक खटकतंय. मालकांनी पन्नास आणि भाडेकरूंनी तीनशे, हे चालतं का?

---

पेठेतला | ८ जुलै, रात्री ९.२५

मुळीच चालत नाही. भाडेकरूकडून दहा टक्क्यांच्या वर काहीही घेता येत नाही असा सरकारी आदेश आहे.

---

जुना_सेक्रेटरी | ९ जुलै, सकाळी ६.५५

आदेश आहे, १ ऑगस्ट २००१चा, पण तो बिनभोगवटा शुल्काबद्दल आहे. मालक स्वतः राहत नाही म्हणून संस्था जे जादा घेते ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, आणि सेवाशुल्क मोजताना महापालिकेचे कर धरायचे नाहीत. ते शुल्क भाडेकरूकडून नाही, सभासदाकडून घेतात. पार्किंगचं शुल्क ही वेगळी बाब. त्याचा दर सर्वसाधारण सभा ठरवते.

आता तीनशेचं. दोन प्रश्न विचारायचे. हा दर सभेत ठराव होऊन आलाय का? असेल तर इतिवृत्तात दिसेल, आणि तुमचे मालक सभासद म्हणून ते इतिवृत्त मागू शकतात. नुसतं सेक्रेटरींच्या तोंडचं असेल तर तो दरच नाही. ठराव असलाच तर पुढचा प्रश्न असा की एकाच प्रकारच्या गाडीला, तेवढ्याच जागेला, फक्त फ्लॅट भाड्याने दिलाय म्हणून सहापट दर का? माझं मत स्पष्ट आहे : ही दहा टक्क्यांची मर्यादा मागच्या दाराने ओलांडण्याची वाट आहे. मी सेक्रेटरी असताना असा ठराव आला तेव्हा मी विरोधात बोललो होतो. पण सभेचा अधिकार मोठा आहे, यावर दुसरं मत असणारे जाणकारही मला भेटलेत. मालकाला वाद घालायचाच असेल तर आधी सभेत, मग उपनिबंधक किंवा सहकार न्यायालय. महिना अडीचशे रुपयांसाठी तो ते करेल का, हे तुम्हीच ओळखा.

एमएच-११बद्दल काळजी करू नका. राज्याच्या आत गाडीचा नंबर बदलावा लागत नाही. मालकाचा राहता पत्ता बदलला तर नोंदीत पत्ता बदलून घ्यायचा असतो, पण तुमची गाडी सासऱ्यांच्या नावावर आणि ते साताऱ्यालाच राहतात. आरसीची प्रत, चालू विमा आणि सासऱ्यांचं 'गाडी सुनेला वापरायला दिली आहे' असं दोन ओळींचं पत्र जोडा, एवढं कमिटीला पुरतं.

---

पेठेतला | ९ जुलै, सकाळी ९.३०

दहा टक्क्यांचं मी एकत्र केलं, मान्य. पासिंगचंही मान्य, माझ्या डोक्यात दुसऱ्या राज्यातल्या गाडीचा नियम होता. पण हवा सोडणं चुकीचंच आहे, त्यावर मी ठाम.

---

जुना_सेक्रेटरी | ९ जुलै, सकाळी १०.१०

त्यावर मी तुमच्याच बाजूला आहे. गाडी चुकीच्या जागी असेल तर कमिटीने सभासदाला पत्र द्यावं. हवा सोडणं, चाकाला साखळी घालणं हे अधिकार कोणत्याही उपविधीत नाहीत. पण ते कोणी केलं याचा पुरावा ताईंकडे नाही. अर्जात तो विषय काढला तर अर्जाची तक्रार होते. तारखा वहीत लिहून ठेवा.

---

मुलुंडकर | ९ जुलै, दुपारी २.४०

मागच्या माझ्या चुकीची भरपाई म्हणून एक कामाची गोष्ट सांगतो. रात्री अकरानंतर खाली जाऊन धूळ बसलेल्या गाड्या मोजा. प्रत्येक जुन्या सोसायटीत दोन-तीन असतातच. टायर जमिनीला टेकलेले, सीट फाटलेली, मालक कधीच सोडून गेलेला. कमिटी 'जागा नाही' म्हणते तेव्हा खरी जागा तिथे अडकलेली असते. आमच्याकडे अशा पाच निघाल्या.

मात्र त्या उचलून भंगारात देता येत नाहीत. ती दुसऱ्याची मालमत्ता आहे. आम्ही आधी बोर्डावर नंबरांसकट सूचना लावली, ज्यांच्या फ्लॅटशी संबंध होता त्या सभासदांना पत्रं दिली, उरलेल्यांसाठी पोलीस ठाण्यात लेखी कळवलं. तीन गाड्या तर नुसत्या सूचनेवरच लोक घेऊन गेले.

---

नवी_पुणेकर | १० जुलै, रात्री ११.३५

आत्ताच मोजून आले. पट्ट्या मारलेल्या दुचाकीच्या जागा बावीस. त्यातल्या तीन गाड्या तुम्ही म्हणता तशाच. १४ नंबरवर एक जुनी मोपेड आहे, तिच्या पायरीवर कोळ्याचं जाळं आणि पुढच्या चाकाच्या स्पोकमधून चक्क पिंपळाचं रोप वर आलंय. वॉचमनदादा म्हणाले, दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा वारले त्यांची आहे, मुलगा परदेशात असतो.

मला एकदम कसंतरी झालं. त्या घरी आजी एकट्या असतात. मी जागेसाठी ती हलवा असं म्हणायचं का?

---

करवंद | ११ जुलै, सकाळी ८.१५

तुम्ही म्हणू नका. अर्जात फक्त लिहा की वापरात नसलेल्या जागा असल्यास त्यातली एक तात्पुरती मिळावी. कुठली ते कमिटी ठरवेल. आजींकडे मात्र सहज जाऊन या, अर्जाचं काही न बोलता.

---

जुना_सेक्रेटरी | ११ जुलै, सकाळी ९.००

सायकलच्या पत्राचा मसुदा देतो. मालकांनी ई-मेलने पाठवावा आणि सही केलेली प्रत तुम्ही सेक्रेटरींना देऊन पोच घ्यावी.

> प्रति, मा. सचिव,
> विषय : वाटप झालेल्या जागा क्र. ७ मध्ये सायकल ठेवण्याबाबत.
>
> महोदय,
> माझ्या सदनिकेस दुचाकीसाठी जागा क्र. ७ मिळालेली आहे. सदनिकेत राहणाऱ्या माझ्या परवानाधारकांची एक सायकल याच जागेत, मोटरसायकलच्या डाव्या बाजूस भिंतीलगत ठेवली जाईल. जागेची मापे व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. शेजारील जागा क्र. ६ च्या वापरास अडथळा होणार नाही. जिना, मीटर बोर्ड व येण्या-जाण्याच्या वाटेत सायकल ठेवली जाणार नाही. अडथळा झाल्यास समितीच्या सूचनेनुसार ती त्वरित हलविली जाईल.
> कृपया समितीच्या पुढील बैठकीत याची नोंद घेऊन लेखी कळवावे.

इथे आपण जास्तीची जागा मागतच नाही, मिळालेल्या जागेचा वापर कळवतो आहोत. नाही म्हणायला त्यांना कारण शोधावं लागेल.

स्कूटरचं पत्र वेगळं, तेही मालकांच्याच सहीने. त्यात ८४चा उल्लेख करून परवानगी मागा, 'सभेने ठरवलेल्या दराने' शुल्क भरू असं लिहा, रक्कम लिहू नका. मुदत वर्षाची मागा, आणि ज्या सभासदाकडे एकही जागा नाही त्याला लागली तर परत करू असंही लिहा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी निघते. विषय पत्रिकेवर यायचा असेल तर पत्र ऑगस्टमध्येच पोचलं पाहिजे.

---

नवी_पुणेकर | १७ ऑगस्ट, रात्री ८.४०

महिन्याभराने लिहितेय. मालकांनी दोन्ही पत्रं दोन दिवसांत पाठवली. सायकलच्या पत्राची पोच देताना सेक्रेटरी म्हणाले, "हे आधी सांगितलं असतं तर." मग स्वतः खाली येऊन त्यांनी सायकल बाहेर काढून पाहिली, परत लावून पाहिली. कमिटीच्या बैठकीत नोंद झाली आणि लेखी उत्तर आलं : सायकल ७ नंबरमध्ये ठेवायला हरकत नाही, शुल्क नाही. त्यानंतर हवा एकदाही गेली नाही.

स्कूटर आली आहे. कमिटीने वार्षिक सभेपर्यंत तात्पुरती गेटजवळ उघड्यावर लावायला परवानगी दिली, पन्नास रुपये दराने. भिजते, पण चालेल.

आजींकडे जाऊन आले. मोपेडचा विषय मी काढला नव्हता. त्याच म्हणाल्या की मुलगा दिवाळीत येणार आहे, तेव्हा कागद शोधून ती द्यायची आहे. तोवर राहू दे म्हणाल्या.

---

घरमालक_नाशिक | १८ ऑगस्ट, सकाळी १०.००

चांगलं झालं. तात्पुरत्या परवानगीचीही लेखी प्रत मालकांना पाठवून ठेवा. करार अकरा महिन्यांचा असेल तर नूतनीकरणाच्या वेळी 'एक दुचाकी व एक सायकल' असे शब्द घालून घ्या. स्कूटर करारात घालू नका, ती वर्षाच्या बोलीवर आहे आणि तिची जबाबदारी मालक कायमची घेणार नाही.

---

नवी_पुणेकर | २८ सप्टेंबर, रात्री १०.०५

काल सभा झाली. मला बसता आलं नाही आणि मालक येऊ शकले नाहीत, शेजारच्या काकूंनी सांगितलं ते लिहिते. दुसऱ्या दुचाकीची परवानगी वर्षभरासाठी मिळाली. वापरात नसलेल्या गाड्यांची सूचना लावायचं आणि स्टिकर काढायचं ठरलं. दरावरून मात्र बराच वाद झाला. काही जण म्हणाले भाडेकरूंच्या फ्लॅटला दीडशे, काही म्हणाले सगळ्यांना सारखे पन्नास. मत घेतलं तेव्हा दीडशेच्या बाजूने दोन मतं जास्त पडली. म्हणजे ऑक्टोबरपासून दीडशे.

मालकांना कळवलं. ते इतिवृत्त मागणार आहेत आणि पुढच्या सभेला हरकत लेखी देणार आहेत. तोवर दीडशे भरते, पण पावतीवर 'हरकत राखून' असं लिहायला सांगितलं तर चालेल का, काका?

---

जुना_सेक्रेटरी | २९ सप्टेंबर, सकाळी ७.२०

पावती संस्थेची असते, त्यावर ते लिहिणार नाहीत. मालकांनी पैसे पाठवताना सोबत एक ई-मेल करावी : ठरावाला हरकत कायम ठेवून रक्कम भरत आहे. ती तारीखवार जपून ठेवा. आणि इतिवृत्ताची प्रत आली की भाडेकरूच्या दराचं कारण काय नोंदवलंय ते इथे शब्दशः टाका. कारणच लिहिलेलं नसेल तर मालकांच्या हरकतीचा तो पहिला मुद्दा.

---

दोनचाकी | २९ सप्टेंबर, सकाळी ९.४०

गेटजवळ उघड्यावर स्कूटर असेल तर परतीच्या पावसाआधी एअर फिल्टर आणि बॅटरीची टर्मिनल्स बघून घ्या. आणि १४ नंबर दिवाळीनंतर मोकळा झाला तर त्या जागेसाठी मालकांचं पत्र त्याच आठवड्यात द्या, आधी येईल त्याचा अर्ज आधी बघतात.